झुंबर कसे पडले : दोन्ही कुटुंबांना आणि विमा कंपनीला खुले पत्र

प्रति,
वधू-वरांचे दोन्हीकडील कुटुंबीय,
आणि
विमा कंपनीचा दावा विभाग

विषय : स्वागत समारंभात फुलांचे झुंबर पाहुण्यांवर कोसळल्याच्या घटनेचा अहवाल आणि त्यावरील प्राथमिक निष्कर्षाला हरकत

स.न.वि.वि.

ज्या मंगल कार्यालयात हा समारंभ झाला त्याचा व्यवस्थापक म्हणून घटनेच्या दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीला सविस्तर अहवाल दिला होता. त्यावर कंपनीच्या सर्वेक्षकांचा जो प्राथमिक निष्कर्ष आला आहे त्यात माझ्या अहवालातले एकच वाक्य घेतलेले आहे : ‘घटनेपूर्वी काही मिनिटे एक मुलगा झुंबराखालच्या खुर्चीवर उभा होता.’ या वाक्याच्या आधाराने असा निर्णय काढला गेला आहे की मुलाने खाली लोंबणाऱ्या फुलांच्या माळा ओढल्या, झुंबर बाहेरच्या ओढीने खाली आले, आणि त्यामुळे सजावटीत किंवा टांगणीत दोष असल्याचे मानण्यास कारण नाही. हा निष्कर्ष कुटुंबापर्यंतही पोहोचला आहे, आणि बारा वर्षांचा तो मुलगा तेव्हापासून घरातल्या कोणाशी धड बोलत नाही असे त्याच्या वडिलांनी मला सांगितले. वाक्य माझे आहे आणि खरेही आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र खोटा आहे. म्हणून हा अहवाल आता मी दोन्ही पक्षांना एकाच वेळी, सर्वांना वाचता येईल असा पाठवत आहे.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीच्या संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी मान्य करायची नसते आणि परस्पर भरपाई कबूल करायची नसते. ही अट मला माहीत आहे आणि मी ती पाळत आहे. या पत्रात जबाबदारी कोणाची याचा निवाडा नाही आणि कोणाला कसलीही रक्कम देऊ केलेली नाही. काय पाहिले, काय मोजले आणि कोणती वस्तू कुठे ठेवली आहे एवढेच इथे आहे. घडलेले सांगणे म्हणजे जबाबदारी कबूल करणे, असा त्या अटीचा अर्थ कोणी लावू नये. कार्यालयाच्या मालकांना हे पत्र जाहीर होण्याआधी वाचायला दिले आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

झुंबराचा सांगाडा म्हणजे २.४ मीटर व्यासाचे लोखंडी पाइपाचे कडे. छतातल्या एका हुकाला तीन तारांनी ते टांगलेले होते. हूक स्लॅबमध्ये बसवलेला आहे, त्याच्यावर १५० किलोची पट्टी आहे, आणि तो घटनेनंतरही जागचा हललेला नाही. त्याच्याभोवती प्लास्टरला केसभरही तडा नाही. सजावटकाराने परवानगीच्या अर्जात झुंबराचे वजन ६० किलो लिहिले होते आणि सोबतच्या रेखाचित्रात कडे हुकापासून १.२ मीटर खाली दाखवले होते. फुले कृत्रिम असतील असेही त्या अर्जात नमूद होते. या मापांना मंजुरी देण्यात आली होती आणि त्या मापांना ती देण्यात गैर काही नव्हते.

प्रत्यक्ष समारंभात टांगलेली वस्तू मात्र वेगळी होती, आणि ती दोन टप्प्यांनी वेगळी झाली.

पहिला बदल आदल्या संध्याकाळी झाला. कुटुंबाच्या इच्छेनुसार कृत्रिम फुलांऐवजी ताजी फुले लावायचे ठरले. या गोष्टीची कुजबुज मी ऐकली आहे, म्हणून कुटुंबाला उद्देशून स्पष्ट लिहितो : ताजी फुले मागण्यात तुमचे काहीही चुकलेले नाही. फुलांची निवड ग्राहकाची असते, त्या निवडीने वजन किती वाढते हे पाहणे टांगणाऱ्याचे काम असते. ताजी फुले टिकावीत म्हणून ती पाण्याने भिजवलेल्या हिरव्या स्पंजाच्या विटांमध्ये खोचतात. ही वीट कोरडी असताना तळहातावर ठेवली तर आहे की नाही असे वाटावे इतकी हलकी असते, पण ती जवळपास आपल्या आकारमानाएवढे पाणी पिते. सजावटकाराच्या माल उतरवल्याच्या चिठ्ठीवर अशा २८ विटांची नोंद आहे. त्याच खोक्यातली उरलेली एक वीट भांडारप्रमुख आणि वराचे काका यांच्या समोर मी बादलीत सोडली, ती आपणहून बुडेपर्यंत थांबलो आणि मग काट्यावर ठेवली. वजन १.९ किलो भरले. म्हणजे २८ विटांचे मिळून ५३ किलो, आणि त्यातले जवळजवळ सगळे पाणीच.

सांगाडा ३८ किलो, दिवे आणि त्यांच्या वायरी ११ किलो. फुले, पाने आणि खालच्या माळा यांचे वजन सजावटकाराच्याच खरेदीच्या पावत्यांवरून २२ किलो येते. त्यात विटांचे ५३ किलो मिळवले की बेरीज १२४ किलो होते. अर्जात लिहिलेल्या आकड्याच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त.

सर्वेक्षकांच्या टिपणात वजन ७४ किलो आहे. त्यांचा काटा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्यांनी मोडतोड तिसऱ्या दिवशी मोजली. तोवर फुले वाळली होती, विटा आपटून चुरा झाल्या होत्या, त्यांतले पाणी जमिनीवर सांडून गेले होते आणि बराचसा हिरवा चुरा त्याच रात्री जखमींना बाहेर नेण्यासाठी वाट करताना झाडून काढला गेला होता. तिथे काट्यावर आली ती पाणी निघून गेलेली सजावट. टिपणातच एक ओळ आहे की ‘जमिनीवर मोठ्या प्रमाणात पाणी आढळते, बहुधा मदतकार्यात सांडले असावे.’ मदतीच्या वेळी पाण्याच्या दोनच बाटल्या तिथे आल्या होत्या, हे कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसते; आणि झुंबर पडल्यावर पहिल्याच क्षणाला, कोणी धावून येण्याआधी, फरशी चकाकताना दिसते. त्या पाण्याचे वजन टिपणातल्या कोणत्याच बेरजेत धरलेले नाही, ही माझी पहिली हरकत.

दुसरा बदल समारंभाच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी झाला, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. चित्रीकरण करणाऱ्यांच्या क्रेनवरच्या कॅमेऱ्याला झुंबर आड येत होते. त्यांनी ते वर घ्यायला सांगितले आणि सजावटकाराच्या माणसांनी शिडी लावून ते पाऊण मीटर वर घेतले. हुकापासून कडे आता १.२ मीटरऐवजी केवळ ४५ सेंटिमीटर खाली राहिले. खालून पाहणाऱ्याला यात काहीच धोकादायक दिसत नाही. उलट वस्तू छताजवळ गेली म्हणजे अधिक पक्की झाली असे वाटते. तारांच्या बाबतीत घडते ते नेमके उलटे.

तीन तारा असल्या की प्रत्येकीवर तिसरा हिस्सा येतो हा हिशेब तारा सरळ उभ्या असतील तेव्हाच खरा असतो. त्या एका हुकापासून फाकून कड्याच्या काठापर्यंत तिरक्या जात असतील तर प्रत्येक तार वजन उचलतेच, शिवाय कड्याला आतल्या बाजूला खेचत राहते, आणि तार जितकी आडवी होईल तितके हे खेचणे वाढत जाते. रेखाचित्राप्रमाणे तारा ४५ अंशांत होत्या. ६० किलोच्या झुंबरासाठी प्रत्येक तारेवर साधारण २८ किलोचा ताण आला असता. वजन १२४ किलो झाल्यावर, पण उंची तीच ठेवली असती, तर तो ५८ किलोच्या आसपास गेला असता. कडे वर घेतल्यावर तारा आडव्या रेषेशी जेमतेम वीस अंशांवर आल्या आणि तोच ताण ११८ किलोवर पोहोचला. वजनाने एकदा दुप्पट आणि कोनाने पुन्हा दुप्पट. एकेका तारेवर जवळपास अख्ख्या झुंबराइतका ताण होता. सर्वेक्षकांनी ७४ ला तीनने भागून प्रत्येक तारेवर २५ किलो धरले आहेत आणि ‘तारा पुरेशा होत्या’ असे लिहिले आहे. तारांच्या कोनाचा उल्लेख त्यांच्या टिपणात कुठेच नाही, ही दुसरी हरकत.

तारा पुरेशा होत्या हे त्यांचे वाक्य एका अर्थाने बरोबरही आहे. चार मिलिमीटरच्या चांगल्या पोलादी तारदोराची तुटण्याची ताकद आठशे-नऊशे किलोच्या घरात असते. माणसांच्या डोक्यावर काही टांगताना त्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ताण देऊ नये अशी या कामातली रीत आहे. म्हणजे ११८ किलो हा ताण रीतीबाहेरचा होता, तरी त्याने तार तुटली नसती. आणि ती तुटलेली नाहीच. तार तुटते तेव्हा तिच्या टोकाचे पेड झाडूसारखे पिंजारलेले असतात. आपल्या तिन्ही तारांची टोके जशी कापून आणली होती तशीच बंद आहेत. दोघींच्या टोकांना तर सजावटकाराने गुंडाळलेली काळी चिकटपट्टीसुद्धा शाबूत आहे. म्हणजे तारा क्लॅम्पमधून, यू आकाराच्या बोल्टने तारेचा फास आवळून धरणाऱ्या पकडीतून, निसटल्या आहेत.

इथे मी वाचणाऱ्यांना तारेचा एक हातभर तुकडा जरा जवळून पाहायला सांगणार आहे, कारण सगळी घटना त्याच्यावर लिहिलेली आहे. तार पांढऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची आहे. टोकाशी फास करून ती यू-क्लॅम्पने आवळलेली होती. मूळच्या बांधणीच्या जागी आवरणावर क्लॅम्पच्या चाव्याच्या खुणा आहेत, आणि त्या तीन आहेत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. तिथून साधारण ४२ सेंटिमीटर पुढे, जिथे तार आखडून पुन्हा बांधली त्या जागी, खूण एकच आहे. झुंबर पाऊण मीटर वर घ्यायला प्रत्येक तार बरोबर तेवढीच आखडावी लागते. नव्या खुणेपासून टोकाच्या दिशेने आवरण सालीसारखे सोलून निघाले आहे आणि आतली तार घासून चकचकीत झाली आहे. तिन्ही तारांची कहाणी हीच. सोडवलेले सहा क्लॅम्प सजावटकाराच्या पत्र्याच्या पेटीत मिळाले आणि ते वराच्या काकांच्या देखत मोजून मोहोरबंद केले आहेत.

क्लॅम्पबद्दल तीन गोष्टी या कामातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला माहीत असतात. एक, फासाला एकच क्लॅम्प कधी लावत नाहीत. बारीक तारेलाही किमान दोन, आणि डोक्यावरच्या कामाला तीन. दोन, क्लॅम्पची खोबणी असलेली बाजू ताण घेणाऱ्या तारेवर यावी लागते आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटे लावले तर पकड निम्म्याने कमी होऊ शकते. आपल्या तीनपैकी दोन क्लॅम्प उलटे आहेत. तीन, प्लास्टिकचे आवरण सोलल्याशिवाय त्यावर क्लॅम्प आवळायचा नसतो. नट कितीही घट्ट केला तरी तो प्लास्टिकला धरतो, आतल्या पोलादाला धरत नाही, आणि दाबाखाली व दिव्यांच्या उष्णतेत प्लास्टिक हळूहळू बाजूला सरकत जाते. याखेरीज, वजन पडले की तारदोर स्वतःही किंचित बारीक होतो, म्हणून वजन दिल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात. कड्यावर फुले आधीच होती, तरी नट पुन्हा आवळले गेले नाहीत, कारण शिडी काढेपर्यंत पाहुणे दारात आले होते.

झुंबर वर घेतल्याबरोबर न पडता साडेतीन तासांनी का पडले, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. सर्वेक्षकांचा तर्क असा की टांगणीत दोष असता तर ते लगेच कोसळले असते. ज्या अर्थी ते ८ वाजून ४० मिनिटांनी पडले, त्या अर्थी त्या वेळी काहीतरी नवे घडले असले पाहिजे. प्लास्टिकवरून घसरणाऱ्या तारेला हा नियम लागू नाही. ती आधी केसाकेसाने सरकते, आणि मागे उरलेली शेपटी आखूड झाली की एकदम सुटते.

सुदैवाने हे सरकणे छायाचित्रांत टिपले गेले आहे. लग्नातली छायाचित्रे कोणी झुंबरासाठी काढत नाही, पण मंचाच्या समोरून काढलेल्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात मागे ते येतेच. सात वाजताच्या सुमाराच्या छायाचित्रात कडे मागच्या भिंतीवरच्या आडव्या पट्टीशी समांतर आहे. ८ वाजून २० मिनिटांच्या छायाचित्रात, त्याच जागेवरून काढलेल्या, त्याची डावी बाजू वीतभर खाली आहे. त्या मुलाचा खुर्चीवर उभे राहण्याचा क्षण चित्रणात ८ वाजून ३६ मिनिटांचा आहे. झुंबर त्याच्या आधी किमान सोळा मिनिटे कलंडत होते.

आणखी एक खूण होती, ती मी लपवणार नाही. आठनंतर कधीतरी झुंबराखालच्या दोन खुर्च्यांवर पाणी ठिबकू लागले. कडे तिरके झाल्यामुळे विटांमधले पाणी एका बाजूने झरत होते. आमच्या मदतनीसाने त्या खुर्च्या पुसल्या, वरचा एसी गळतो आहे असे समजून पर्यवेक्षकाला कळवले, आणि एसीवाल्याला निरोप गेला. त्या मदतनिसाला दोष देण्यात अर्थ नाही. झुंबरात पन्नास लिटर पाणी आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगितले असते तर ठिबकणाऱ्या पाण्याचा अर्थ त्याला लागला असता आणि ती जागा रिकामी करता आली असती. कार्यालयाच्या परवानगीच्या अर्जात वजनाचा रकाना आहे, पण ते वजन कोरडे की पाण्यासकट हे विचारलेले नाही. मंजुरीनंतरचा कोणताही बदल लेखी कळवावा अशी अट त्यात आहे. ती पाळली गेली नाही, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्याची वेगळी सोय कार्यालयाकडे नव्हती. विमा कंपनीने हेही विचारात घ्यावे.

आता मुलाच्या हाताबद्दल. कडे वर घेतल्यावर ते जमिनीपासून ४.२ मीटरवर होते. माळा त्याच्याखाली ९० सेंटिमीटर लोंबत होत्या. म्हणजे सर्वांत खालचे फूल ३.३ मीटरवर. आमच्या खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर उंच आहे. तिच्यावर टाचा उंचावून हात वर केलेल्या बारा वर्षांच्या मुलाची बोटे फार तर अडीच मीटरपर्यंत जातील. मध्ये पाऊण मीटरहून जास्त मोकळी हवा उरते. चित्रणात त्याचे दोन्ही हात मोबाइलवर आहेत. तो मंचाचे छायाचित्र काढत होता. तो खाली उतरून पुढे गेल्यानंतर झुंबर पडले. ही मापे घ्यायला टेपखेरीज काही लागत नव्हते आणि ती न घेता एका मुलावर हा आरोप ठेवला गेला, ही माझी तिसरी आणि सर्वांत तीव्र हरकत आहे.

शेवटचे क्षण थोडक्यात. डावीकडची तार प्रथम सुटली, कडे खाली झोल खाऊन उरलेल्या दोन तारांवर हिसक्याने लटकले, त्यांचेही एकेकच क्लॅम्प होते, आणि तो हिसका त्यांना झेपला नाही. पहिली तार सुटल्यापासून कडे खुर्च्यांवर आदळेपर्यंत दोन सेकंदसुद्धा गेले नाहीत. वराच्या मावशींच्या गळ्याजवळचे हाड मोडले, वधूच्या मैत्रिणीच्या कपाळाला टाके पडले, आणि पाणी घेऊन चाललेल्या आमच्या एका वाढप्याच्या मनगटाला मार बसला. वाढप्याचे नाव दाव्याच्या कागदांत अजून आलेले नाही, ते आले पाहिजे.

या सगळ्यात एक वस्तू नव्हतीच, ती म्हणजे तारांपासून स्वतंत्र अशी सुरक्षा साखळी. कड्यापासून निघून मुख्य हुकाऐवजी स्लॅबमधल्या दुसऱ्या हुकाला जाणारी, जवळजवळ ताणलेली, एरवी काहीच वजन न पेलणारी. ती ताणलेलीच हवी, कारण ती सैल असली तर वस्तू आधी तेवढे अंतर मोकळी पडते आणि मग बसणारा हिसका तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. अशी साखळी असती तर झुंबर कलंडले असते, फुले आणि पाणी खाली आले असते, पण ३८ किलोचे लोखंडी कडे माणसांवर आले नसते.

सजावटकाराने आपल्या दोन कामगारांना कामावरून काढल्याचे कळले. शिडीवर चढलेल्या त्या दोघांपैकी एकाने मला जे सांगितले ते मी लिहून घेऊन त्याची सही घेतली आहे. वर घ्यायला सांगणारा वेगळा, वेळ ठरवणारा वेगळा, आणि आवरणाची तार आणणाराही वेगळा होता. कोनाने ताण वाढतो हे त्याला कोणी कधी शिकवलेले नव्हते. दोष सगळ्यांत खालच्या हातावर ढकलला की चौकशी लवकर संपते. मुलाच्या बाबतीतही तेच झाले आहे.

कुटुंबाकडे माझी एक विनंती आहे. ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ अशा मजकुराच्या कागदावर सही करण्याची घाई करू नका, मग तो कागद विमा कंपनीकडून येवो, सजावटकाराकडून येवो किंवा आमच्या कार्यालयाकडून येवो. मावशींचे हाड जुळायला किती काळ लागतो आणि हात पूर्ववत उचलता येतो का, हे कळल्याशिवाय नुकसान किती झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. दवाखान्याची कागदपत्रे, औषधांच्या पावत्या, क्ष-किरण चित्रे जपून ठेवा. त्या संध्याकाळची पाहुण्यांच्या मोबाइलमधली छायाचित्रे मूळ स्वरूपात मागवून घ्या, कारण संदेशातून पुढे पाठवलेल्या छायाचित्रातून काढल्याची वेळ बहुधा गळून जाते आणि आपल्या प्रकरणात सगळे वेळेवर अवलंबून आहे.

विमा कंपनीकडे मागण्या आहेत, आणि त्या अशा. मुलाने माळा ओढल्याचा निष्कर्ष लेखी मागे घ्यावा आणि तसे पत्र त्याच्या आई-वडिलांना पाठवावे. वजनाचा हिशेब पाण्यासकट आणि तारांच्या प्रत्यक्ष कोनाने पुन्हा करावा. तिन्ही तारा आणि नऊही क्लॅम्प कंपनी, सजावटकार आणि कार्यालय या तिघांशीही संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत तपासावेत. तपासणीच्या वेळी कुटुंबाचा प्रतिनिधी हजर असावा, आणि तपासणीत नमुने कापावे लागणार असतील तर आधी सर्वांना कळवून छायाचित्रे घेतली जावीत. जखमींच्या उपचारांचा खर्च जबाबदारीच्या वादात अडकवून ठेवू नये. तो आधी द्यावा आणि सजावटकाराकडून किंवा आमच्याकडून काय वसूल करायचे ते कंपनीने मागाहून ठरवावे. मोडतोड ‘निकामी माल’ म्हणून उचलून जागा मोकळी करण्याची जी सूचना कंपनीच्या पत्रात आहे ती रद्द करावी. तो माल आता पुरावा आहे, आणि लेखी आदेश आल्याशिवाय मी तो हलू देणार नाही.

कार्यालयाच्या मालकांनी माझ्या प्रस्तावावरून पुढील गोष्टी मान्य केल्या आहेत आणि त्या लागूही झाल्या आहेत : टांगायची प्रत्येक वस्तू फुलांसकट, भिजलेल्या विटांसकट काट्यावर लटकवून मोजली जाईल; आवरणाची तार आत येणार नाही; स्वतंत्र सुरक्षा साखळीशिवाय काहीही वर जाणार नाही; आणि एकदा टांगलेली वस्तू पाहुणे येण्याच्या दोन तास आधीपासून कोणाच्याही सांगण्यावरून वर-खाली केली जाणार नाही. ज्यांना ही अट जाचक वाटते अशा एका सजावटकाराने पुढच्या महिन्याचे काम नाकारले आहे. त्याला आम्ही थांबवलेले नाही.

तारा, क्लॅम्प, कडे, उरलेल्या विटा, माल उतरवल्याची चिठ्ठी, परवानगीचा अर्ज आणि रेखाचित्र कार्यालयाच्या भांडारातल्या आतल्या खोलीत मोहोरबंद ठेवले आहेत. खोलीला दोन कुलुपे आहेत. एकाची किल्ली माझ्याकडे आणि दुसऱ्याची वराच्या काकांकडे आहे. कॅमेऱ्याच्या चित्रणाच्या प्रती या पत्रासोबत दोन्ही पक्षांना पाठवल्या आहेत. कंपनीचे नवे सर्वेक्षक ज्या दिवशी येऊ इच्छितात तो दिवस आधी लेखी कळवावा, म्हणजे दोन्ही किल्ल्या हजर ठेवता येतील.

कळावे,

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, मंगल कार्यालय